तीन कोटेशनांची सरासरी काढू नका

«आम्ही बेळगावातल्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहोत. पाच जणांच्या गटाला प्रकल्प मिळालाय: एका हाउसिंग सोसायटीच्या नूतनीकरणाचं नियोजन. त्यात कामाची व्याप्ती, अंदाजपत्रक, ठेकेदार आणि वेळापत्रक असं चारही दाखवायचं आहे. टिळकवाडीत माझ्या आत्याची सोसायटी आहे, ती आम्ही निवडली. खाली पार्किंग, वर तीन मजले, बारा फ्लॅट. इमारत ६६ बाय ४४ फूट. सेक्रेटरी काका म्हणाले, "सगळंच करायचंय: गळती, रंग, गेट, लिफ्ट. शिल्लक ९ लाख आहे." तीन कोटेशनं आणली: ३ लाख ६० हजार, ६ लाख १० हजार आणि १४ लाख ४० हजार. सरासरी ८ लाख ३ हजार येते, म्हणजे ९ लाखांत बसतं. पण सरांनी विचारलं, "हा आकडा कशाचा?" आणि आम्ही गप्प. सध्या पाऊस आहे, म्हणून पाहणी दसऱ्यानंतर करणार. काम मे महिन्याच्या सुट्टीत दाखवलंय. सादरीकरण ऑक्टोबरअखेर आहे. काय चुकतंय?»

— एक विद्यार्थिनी, बेळगाव

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सरांनी प्रश्न नेमका विचारलाय. उत्तर तुम्ही सोबत पाठवलेल्या तीन कागदांतच आहे, फक्त ते कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचायला हवेत. पहिल्या कोटेशनात गच्चीवर आहे त्याच कोब्यावर, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या जाड थरावर, केमिकलचा हात आणि बाहेरून दोन हात रंग आहे, गिलाव्याचा शब्दही नाही. दुसऱ्यात जुन्या कोब्यावरच नवा कोबा आणि रंग आहे, शेवटी बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा". तिसऱ्यात जुना कोबा काढून नवा, इमारतीचा सगळा बाहेरचा गिलावा उतरवून नवा, रंग, आणि जीएसटीसकट आकडा. म्हणजे ही एका कामाची तीन किंमतपत्रकं नाहीत, तीन निराळ्या कामांची आहेत. एका दुकानात शर्टाचा, दुसऱ्यात धोतराचा आणि तिसऱ्यात लग्नाच्या पूर्ण पोशाखाचा भाव विचारून सरासरी काढली, तर तो आकडा कुठल्याच कपड्याचा नसतो. ८ लाख ३ हजार ९ लाखांत बसतात हा योगायोग आहे, आणि तोच तुम्हाला चकवतोय.

तेव्हा ठेकेदार बाजूला ठेवा आणि आधी व्याप्तीकडे या. "सगळंच करायचंय" ही व्याप्ती नव्हे. सेक्रेटरी काकांच्या यादीत लिफ्ट आहे. तिची देखभाल वेगळ्या करारातून होते, तिचा खर्च वेगळ्या माणसाला विचारायचा असतो. गेट दिसायला समोर असलं तरी ते गळत नाही. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर "यात काय आहे" याखाली "यात काय नाही" असंही लिहा: लिफ्ट, गेट, फ्लॅटच्या आतला रंग, आतल्या नळाची गळती. हे दुसरं वाक्य लिहिताना सोसायटीत वाद होतो, आणि तो कागदावर झालेला बरा. माझ्या मते तुमचा प्रकल्प गच्चीची गळती आणि बाहेरच्या भिंती एवढ्यापुरता ठेवावा. बारा फ्लॅटच्या इमारतीत तेवढंही काम पुरे आहे.

आता पाहणी. पाऊस संपल्यावर इमारत पाहू हा तुमचा विचार मला मुळात उलटा वाटतो. बेळगावचा पाऊस हा फुकट मिळालेला तपासनीस आहे. गळती दिसते ती आत्ता, आणि दसऱ्यानंतर डाग वाळले की कुठून पाणी आलं हे सांगायला कोणी उरत नाही. या आठवड्यापासून सुरुवात करा. वरच्या मजल्यावरच्या चारही फ्लॅटची परवानगी घेऊन छताचे फोटो तारखेसह काढा. प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारा आणि दर चार-पाच दिवसांनी पाहा. मोठ्या सरीनंतर डाग रेघेबाहेर पसरला आणि उघडिपीत आखडला, तर पाणी गच्चीतून येतंय. पाऊस चार दिवस थांबला तरी डाग ओलाच राहिला, आणि त्याच्या वर टाकी किंवा नळाचा पाइप असेल, तर दोष पाइपात आहे. खालच्या मजल्यांवर वरच्यांच्या बाथरूमखाली बारमाही ओल दिसेल. ती दोन फ्लॅटधारकांतली गोष्ट आहे, तुमच्या अंदाजपत्रकात ती आणू नका. ही वेगवेगळी ओल एकाच खात्यात टाकली, की लाखो रुपये गच्चीवर जातात आणि बाथरूमखालचा डाग तसाच राहतो. मग लोक म्हणतात, "वॉटरप्रूफिंग करून काय उपयोग झाला?"

गच्चीवर सर थांबल्यावर तासाभराने जा. जिथे पाणी साचून राहिलंय तिथे खडूने कडा आखा. पाणी निसटायला गच्चीला किमान शंभराला एक उतार हवा. तुमच्या गच्चीची रुंदी ४४ फूट. मधोमध माथा धरला तर कडेपर्यंत २२ फूट होतात, म्हणजे माथा कडेपेक्षा साधारण अडीच इंच उंच हवा. एक पारदर्शक नळी पाण्याने भरून पातळी बघा, गवंडी वर्षानुवर्षं तेच करतात. नुसत्या डोळ्याने उतार दिसत नाही.

त्यानंतर पाण्याच्या वाटा मोजा. हा भाग विद्यार्थी हमखास सोडतात आणि बरेच ठेकेदारही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत पाइपांच्या मापांचा तक्ता आहे. तासाला ७५ मिलिमीटर पाऊस धरला तर चार इंची एक पाइप साधारण ५७ चौरस मीटर छताचं पाणी नेतो. तुमची गच्ची ६६ गुणिले ४४ म्हणजे २,९०० चौरस फूट, मीटरमध्ये २७०. भागाकार पावणेपाच येतो, म्हणजे पाच पाइप हवेत. तुम्ही पाठवलेल्या गच्चीच्या फोटोत मला चारच दिसतात आणि एकाच्या तोंडाशी सिमेंटचा ढेकूळ आहे. गच्ची कितीही चांगली केली आणि पाणी तिथेच तुंबलं, तर ते सगळ्यात कमकुवत सांध्यातून उतरणारच. पाचवा पाइप व्याप्तीत घाला. जुन्या चारांची तोंडं मोकळी करून वर जाळ्या बसवणंही त्यातच धरा.

आता त्या तिन्ही उपायांबद्दल. आहे त्या कोब्यावर केमिकलचा थर देणं सगळ्यात स्वस्त. कोबा घट्ट असेल आणि फक्त वरच्या सिमेंटच्या घोटीव थराला केसाएवढ्या चिरा असतील, तर तेवढं पुरतं, पण दर काही वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं. कोबा आतून पोकळ आणि ओला असेल, तर उन्हाने ती ओल वाफ होऊन वर येते, थराला फोड येतात आणि थर सुटतो. हे ओळखायची रीत सोपी आहे: हातोडीने ठोका. घट्ट जागा टणटण वाजते, सुटलेली बद्द वाजते. गच्चीवर चार-चार फुटांचे चौकोन आखा आणि प्रत्येकात ठोकून कागदावरच्या नकाशात बद्द चौकोन रंगवा. निम्म्याहून जास्त चौकोन रंगले तर केमिकलवाला आपोआप बाद होतो.

जुन्यावर नवा कोबा घालायचा दुसरा उपाय मात्र कागदावरूनसुद्धा काढून टाका. साडेचार इंची विटांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण २०० किलो. २७० चौरस मीटरचे झाले ५४ टन. स्लॅब बांधताना एक कोबा आणि वर वावरणारी माणसं धरलेली असतात, दुसरा ५४ टनांचा बोजा कोणी धरलेला नसतो. शिवाय उंची वाढली की पाण्याच्या टाकीचे सांधे आणि जिन्याच्या दाराचा उंबरठा कोब्याच्या खाली जातात आणि पाणी जिन्यात शिरतं. दुसरं कोटेशन स्वस्त दिसतंय ते यामुळेच, जुनं काढायचं काम त्याने टाळलंय.

उरला जुना काढून नवा. हे महाग आहे, पण बद्द कोब्यावर हाच उपाय आहे असं माझं मत. त्यासाठी दोन गोष्टी पाहा. पहिली राडारोडा. २,९०० चौरस फूट गुणिले साडेचार इंच म्हणजे जवळपास १,१०० घनफूट. फोडल्यावर तो फुगून १,४०० घनफूट, म्हणजे १४ ब्रास होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो, म्हणजे १४ खेपा. तो तीन मजले खाली कसा आणणार, कुठे ठेवणार, कुठे टाकणार, हे कोटेशनात लिहिलेलं असलं पाहिजे. एकदा काम सुरू झालं की "राडारोडा सोसायटीचा" हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. दुसरी गोष्ट सोलर. तुमच्या फोटोत गच्चीवर बारा सोलर गीझर दिसतात आणि त्यांचे पाय कोब्यातच रोवलेले आहेत. ते हलवल्याशिवाय कोबा निघणार नाही. तीन कोटेशनांपैकी एकातही त्यांचा उल्लेख नाही. डिसेंबरच्या गारठ्यात बारा घरांचं गरम पाणी महिनाभर बंद, हे सभेत आधी सांगितलं नाही तर काम तिथेच अडकेल.

भिंतींकडे वळू. तुमच्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती सगळ्यात जास्त भिजतात. चारही भिंतींना एकच दर आणि एकच उपाय लावणं म्हणजे दोन भिंतींवर पैसे वाया घालवणं. खिडक्या, बाल्कन्या आणि जिन्याच्या बाजूने हात पोहोचेल तेवढा गिलावा ठोकून पाहा. कठड्यावरून वाकू नका, दोरी-शिडीचा उद्योग करू नका, तुमचा प्रकल्प नियोजनाचा आहे. समजा, ६६ फूट लांबीची बाजू पश्चिमेला आहे. पार्किंगच्या वरचा भाग कठड्यासह ३३ फूट उंच, म्हणजे ती भिंत २,१७८ चौरस फूट. त्यातला ६०० चौरस फूट तुमच्या हाताला लागला आणि १०५ बद्द निघाला, तर प्रमाण साडेसतरा टक्के आणि भिंतीवर अंदाज ३८० चौरस फूट. दक्षिणेला दहा टक्के निघाले तर १४५. उत्तर-पूर्वेच्या भिंतींचा मिळून शंभर. एकूण साधारण ६३०. बाहेरच्या एकूण ७,२६० चौरस फुटांपैकी हे नऊ टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे सगळा गिलावा उतरवणारा तिसरा ठेकेदार गरजेच्या अकरा पट काम सांगतोय, आणि पहिला काहीच सांगत नाही.

मात्र एक खोट आहे, ती अहवालात मान्य करा. हात पोहोचतो तो खिडक्यांच्या आसपास, आणि चिरा तिथेच जास्त असतात. त्यामुळे अंदाज थोडा चढा असेल, किंवा वरच्या पट्ट्यात काही दडलेलंही असेल. म्हणून गिलाव्याचं बिल "परांची लागल्यावर संयुक्त मोजणीप्रमाणे" असं लिहायचं. आणखी एक खूण लक्षात ठेवा. खांब किंवा तुळईच्या रेषेत उभी-आडवी सरळ चीर असेल आणि तिच्यातून तांबूस गंज ओघळला असेल, तर आतली सळई गंजली आहे. ते गिलाव्याचं काम नाही. तिथे "स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल येईपर्यंत काम थांबवावे" एवढंच लिहा. खांब आणि भिंत जिथे मिळतात तिथली साधी बारीक चीर मात्र वेगळी. काँक्रीट आणि जांभा किंवा वीट उन्हात वेगवेगळे फुगतात, त्यामुळे ती पडते. तिथे जाळी लावून गिलावा केला की भागतं.

आता कोटेशन मागायची पद्धत बदला. तुम्ही ठेकेदाराला "किती होतील?" असं विचारलंत, आणि त्याने त्याच्या मनातल्या कामाचा भाव सांगितला. यावेळी कामांची यादी आणि मापं तुम्ही भरून द्या, दराचा रकाना फक्त रिकामा ठेवा. रंगाच्या ओळीत मोजायची रीतही लिहा. तुमच्या इमारतीत फ्लॅटमागे सहा खिडक्या आणि प्रत्येक १६ चौरस फुटांची धरली, तर खिडक्यांचं क्षेत्रफळ होतं १,१५२ चौरस फूट. एक रंगारी ते वजा करतो, दुसरा "कडा रंगवाव्या लागतात" म्हणून करत नाही. चौरस फुटाला २४ रुपये दर असेल तर फरक साडेसत्तावीस हजारांचा. दर सारखे असूनही बिलं वेगळी येतात ती अशीच. तसंच "रंग" याचा अर्थ लिहा: शेवाळ काढून पाण्याच्या फवाऱ्याने धुणं, प्रायमरचा एक हात, बाहेरच्या इमल्शनचे दोन हात, परांची त्यातच.

अशी मापं भरून, तुमच्याच कोटेशनांमध्ये जे सुटे दर सापडले ते घेऊन मी हिशेब मांडून पाहिला. जुना कोबा काढून राडारोडा नेणं, चौरस फुटाला ३२ प्रमाणे ९२,८०० रुपये. नवा कोबा, कठडा आणि गच्ची मिळतात तिथल्या गोलाईचा वाटा आणि वरचा घोटीव थर, ११५ प्रमाणे ३,३३,५००. पाइप आणि जाळ्या ठोक ३८,०००. बारा सोलर काढून पुन्हा बसवणं, कोटेशनांत नसल्यामुळे माझ्या अंदाजाने ३०,०००. गिलावा ६३० चौरस फूट, ८० प्रमाणे ५०,४००. रंग ७,२६० आणि कठड्याची आतली बाजू ६६० मिळून ७,९२० चौरस फूट, २४ प्रमाणे १,९०,०८०. बेरीज ७,३४,७८०. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ८ लाख ६७ हजार. आणि भिंतीत व स्लॅबवर जे दडलेलं आहे त्यासाठी दहा टक्के राखीव ठेवलं की ९ लाख ५४ हजार.

म्हणजे ९ लाखांत बसत नाही. हा आकडा दाबून ९ करू नका. सरांच्या "हा आकडा कशाचा?" या प्रश्नाला आता तुमच्याकडे ओळीओळीचं उत्तर आहे. तूट ५४ हजारांची. बारा घरांत वाटली तर घरटी साडेचार हजारांच्या आत येते. किंवा उत्तर आणि पूर्वेच्या भिंतींचा रंग एक वर्ष पुढे ढकलता येतो. त्या ३,६३० चौरस फुटांचे जीएसटीसकट जवळपास १ लाख ३ हजार वाचतात, पण परांची पुन्हा उभी करावी लागते आणि पुढच्या वर्षीच्या रंगाची छटा जुळेलच असं नाही. मी वर्गणीच्या बाजूने आहे. तुम्ही दोन्ही पर्याय मांडा, निवड सभेची.

घरटी समान वर्गणी घ्यायची की क्षेत्रफळानुसार, हा प्रश्न लगेच येईल. इथे एक सावधगिरी बाळगा. मराठीत शोधलं की महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी हाताला लागतात, आणि त्यातला दुरुस्ती निधीचा पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडाचा पाव टक्का विद्यार्थी सरळ उतरवून घेतात. तुमची सोसायटी कर्नाटकात आहे, तिथे ते लागू नाहीत. ती कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७२ खाली आहे की संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली की सहकारी कायद्याखाली, हे काकांना विचारून आधी नोंदवा. १९७२ च्या कायद्यात सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभाजित हिश्श्याच्या टक्क्यांनुसार वाटला जातो, घरटी सारखा नाही. खालच्या मजल्यावरचे "आमची गच्ची गळत नाही" म्हणतील, पण गच्ची सामाईक आहे हे तिथेच सांगता येतं.

ठेकेदार निवडताना नाव घालू नका, प्रकल्पात अ, ब, क पुरेत. कोबा, गिलावा आणि पाइप एकाच मेस्त्रीकडे द्यावेत, कारण गळती राहिली तर कोब्यावाला पाइपवाल्याकडे बोट दाखवतो. रंग वेगळ्या माणसाला देता येतो, पण कठड्याच्या दोन्ही बाजू कोब्यावाल्याच्याच हाती ठेवा. कठड्याच्या चिरेतून आलेलं पाणी वाट्याखालून स्लॅबवर उतरतं आणि मग दोष कोणाचा हे ठरत नाही. जीएसटी नोंदणी नसलेला किंवा कंपोझिशन योजनेतला ठेकेदार बिलात कर वेगळा लावू शकत नाही. तुलना करताना प्रत्येकाचा शेवटचा, हातात द्यायचा आकडा धरा. आणि "दहा वर्षांची गॅरंटी" या शब्दांपेक्षा पैसे रोखून ठेवणं जास्त कामाचं. सुरुवातीला दहा टक्के, मग कोबा निघाल्यावर, कोबा भरून पाण्याची चाचणी झाल्यावर, गिलावा झाल्यावर, रंग झाल्यावर असे हप्ते, आणि शेवटचे दहा टक्के पुढच्या सप्टेंबरनंतर. फेब्रुवारीत कोरडी गच्ची बघून सगळं बिल चुकतं केलं, तर जुलैत फोन उचलला जाईलच असं नाही.

शेवटी वेळापत्रक. मे महिन्याची सुट्टी तुमच्या सोयीची आहे, इमारतीच्या सोयीची नाही. कामांचे दिवस मांडून पाहा. सोलर हलवून कोबा फोडायला ८ दिवस, स्लॅब धुऊन चिरा आणि पाइपांभोवतीची भोकं बुजवून सिमेंटची खीर द्यायला ४, दिवसाला तीनेकशे चौरस फूट धरून नवा कोबा घालायला १०, त्यावर पाणी साठवून ठेवायला ७, सोलर परत बसवायला ३. गच्चीचे झाले ३२. गिलावा राडारोडा उतरून झाल्यावर नवव्या दिवशी सुरू करा, १२ दिवसांत म्हणजे विसाव्या दिवशी तो संपेल. आठवडाभर त्यावर पाणी मारायचं. आणि मग थांबायचं. ताज्या गिलाव्यात क्षार असतात. रंगाआधी २८ दिवस गेले नाहीत तर रंगातून पांढरा खार फुटतो आणि पापुद्रे सुटतात. म्हणजे रंगारी येणार अठ्ठेचाळीस दिवस झाल्यावर, आणि त्याला १८ दिवस हवेत. एकूण ६६. सगळ्यांना वाटतं वेळ गच्चीला लागतो. खरा वेळ हा न दिसणारा गिलावा वाळण्यात जातो, आणि वेळापत्रकाच्या तक्त्यात तो "काम नाही" म्हणून रिकामाच सोडलेला असतो.

१ मेला सुरुवात केली तर अठ्ठेचाळिसावा दिवस १७ जूनला येतो, भर पावसात. त्याआधी एप्रिल-मेत वळीव येतो तो वेगळाच, आणि कोबा काढून उघड्या पडलेल्या स्लॅबवर एक वळीव म्हणजे वरच्या चार घरांत थेट धार. म्हणून तुळशीच्या लग्नानंतर, समजा १५ नोव्हेंबरला सुरू करा. ६६ दिवस १९ जानेवारीला पूर्ण होतात, दोन आठवडे हाताशी ठेवा. तरीही गच्ची एकदम उघडी करू नका, अर्धी फोडून अर्धी भरायची आणि ताडपत्री जवळ ठेवायची. सौंदत्तीच्या यल्लम्माची मार्गशीर्ष पौर्णिमेची यात्रा पंचांगात पाहून कोबा घालायचे दिवस तिच्याआधी किंवा नंतर टाका. मजुरांपैकी अनेक जण त्या दिवसांत गावी असतात, आणि अर्धवट घातलेला कोबा दोन दिवस सोडला की तिथे सांधा पडतो.

पाण्याचंही लिहा. कोब्यावर दोन इंच पाणी सात दिवस ठेवायचं म्हणजे २७० चौरस मीटरला १३,५०० लिटर. पाच हजार लिटरचे तीन टँकर, वर उडणाऱ्या पाण्याची भर वेगळी. नळाला रोज पाणी येईलच असं धरू नका, आणि टँकर कोणाच्या खर्चाने हे करारात नोंदवा. हे पाणी दुहेरी कामाचं आहे: कोबा भिजतो आणि खालच्या छतांवर पेन्सिलीच्या तुमच्याच जुन्या रेघा धरून चाचणीही होते. सातव्या दिवशी रेघेच्या आत कोरडं असेल तरच तो हप्ता सोडायचा.

या आठवड्यात पेन्सिल, खडू, हातोडी आणि फीत घेऊन आत्याकडे जा. ऑक्टोबरच्या सादरीकरणात पहिली पाटी तीन कोटेशनांची नको, तारीख घातलेल्या डागांच्या नकाशाची असू द्या.